सत्तर हजार सुटले, असं नाना म्हणाले

दिवाळीनंतर दहा-बारा दिवसांनी मी गावी गेलो, तेव्हा नाना ओसरीवर बसून आडतीच्या पट्ट्या मांडीवर सरळ करत होते. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. लातूर जिल्ह्यात चार एकर काळी, मध्यम खोलीची जमीन. खरिपात सोयाबीन, त्यावर हरभरा. विहिरीचं पाणी हरभऱ्याला कसंबसं पुरतं. 2024 चं सोयाबीन नुकतंच विकून झालं होतं.

"सत्तर हजार सुटले बघ," ते म्हणाले.

मी तालुक्याला दुकानदारांचे हिशेब लिहितो. 'सुटले' हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. कशातून सुटले, हे विचारलं तर नानांनी बोटांवर मोजून दाखवलं. तीस क्विंटल विकलं, त्याचे 1,22,100 आले. खर्च म्हणजे बियाणं, खत, फवारणी, काढणी आणि मळणी. बियाण्याच्या दोन बॅगा 6,600 ला, डीएपीची चार पोती 5,400 ला, तीन फवारण्यांची औषधं 9,600, काढणीचं गुत्तं एकरी साडेचार हजारांनी 18,000 आणि मळणीयंत्राचे चौसष्ट कट्ट्यांचे दीडशेप्रमाणे 9,600. झाले 49,200. उरले 72,900. वरचे दोन-तीन हजार इकडंतिकडं गेले असतील, म्हणून सत्तर.

बेरीज बिनचूक होती. चूक यादीत होती, आणि ती नानांची एकट्याची नाही. हंगाम संपल्यावर कोणत्याही शेतकऱ्याला ठळक आठवतो तो खर्च, ज्यासाठी एकदम मोठी रक्कम मोजून द्यावी लागली किंवा दुकानाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. थोडाथोडा गेलेला, हंगामाच्या आधी गेलेला आणि घरातूनच गेलेला खर्च मनातून गळतो. तो कुठं सापडतो, हे मात्र काकूंना माहीत होतं.

काकूंनी आतून भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. मजूर आले त्या प्रत्येक दिवसाच्या चौकटीत त्या बायांचा आकडा लिहून ठेवतात, कारण संध्याकाळी पैसे द्यायचे असतात आणि भांडण नको असतं. जुलैच्या पानावर चार दिवस ओळीनं 'खु 4' होतं. म्हणजे तणनाशक मारूनही खुरपणीला सोळा बाया लागल्या होत्या. तीनशेप्रमाणे 4,800. त्यांना रिक्षानं आणण्या-पोचवण्याचे 1,600 त्याच चौकटींच्या कडेला बारीक अक्षरात. तांदळाच्या रिकाम्या डब्यात दुकानाची बिलं होती, त्यांत तणनाशकाचे 4,400 आणि बीजप्रक्रियेच्या औषधाचे 600 निघाले.

मग मी विचारलं, "नाना, नांगरट कधी केली?"

"ती होय, ती तर एप्रिलात."

एप्रिलात केली म्हणून ती या हंगामात धरलीच नव्हती. पाडव्याच्या आसपास ट्रॅक्टरवाल्याला नांगरटीचे 7,200 दिले होते, जूनच्या तोंडाला रोटाव्हेटरचे 4,800. पेरणीयंत्राचे 4,000 वेगळे. नांगरट उन्हाळ्यात होते, तेव्हा हातात हरभऱ्याचे पैसे असतात, आणि हरभऱ्याच्या पैशातून सोयाबीनचा खर्च गेल्याचं दिवाळीत कुणाला आठवत नाही. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त निसटणारी रक्कम हीच.

विक्रीच्या बाजूनं टेंपोचं भाडं 3,000, हमाली-तोलाई 900, बारदाना 960 निघाला. परतीच्या पावसात गंजी झाकायला नवी ताडपत्री घेतली होती, 6,000 ची. नाना म्हणाले ती पूर्ण धर. मी तिसरा हिस्सा धरला, कारण ती नीट घडी करून ठेवली तर तीन हंगाम चालते. एकाच वर्षाच्या माथी सगळी मारली तर हे वर्ष फुकट बदनाम होतं आणि पुढची दोन खोटी चांगली दिसतात.

एवढं मिळून 34,260 झाले.

एक गोष्ट राहिली, ती काढायला जरा वेळ लागला. खत, तणनाशक आणि फवारणीची औषधं उधारीवर आणली होती, मिळून 19,400 ची. बँकेचं पीककर्ज वेळेत फेडलं की त्यावर व्याज पडत नाही, पण दुकानदाराची उधारी म्हणजे पीककर्ज नव्हे. शेकडा दोन रुपये महिन्याला, चार महिने. आकडा 1,550 च्या घरात जातो. हे 'व्याज' म्हणून कुठंच लिहिलेलं नव्हतं. शेवटी पैसे देताना दुकानदारानं वहीतली जी एकूण रक्कम सांगितली, तीत ते मिसळलेलं होतं. नानांनी दिले आणि विसरले.

सगळा रोख खर्च आला 85,010. विक्रीतून वजा करता उरले 37,090. बहात्तर हजारांचे सदतीस हजार झाले, ते वहीच्या एका पानात.

नाना गप्प बसले. मग म्हणाले, "पण पासबुकात तर जास्ती आहेत."

होते खरे. 2023 च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी राज्य सरकारनं हेक्टरी 5,000 रुपयांचं अर्थसहाय्य दिलं होतं, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. चार एकर म्हणजे 1.6 हेक्टर, त्याचे 8,000. ते पैसे खात्यावर 2024 च्या दिवाळीच्या आगेमागे पडले, म्हणून या सोयाबीनचेच वाटत होते. ते गेल्या वर्षीच्या हंगामाचे. पीएम-किसानचे हप्तेही यात नाहीत, कारण सोयाबीन पेरलं नसतं तरी ते आलेच असते. खात्यातली शिल्लक पिकाबद्दल काहीच सांगत नाही, तिथं सगळं पाणी एकाच रांजणात असतं.

इथपर्यंतचा हिशेब बहुतेकांना पटतो. यापुढं वाद सुरू होतात, आणि ते व्हायलाच हवेत.

चार एकरांपैकी दोन एकरांवर विकतचं बियाणं होतं, दोन एकरांवर घरचं. घरचं साठ किलो. नानांच्या मते ते फुकट. पण जूनमध्ये ते बाजारात नेलं असतं तर किलोला 45 रुपये आले असते, म्हणजे 2,700 रुपयांचा माल जमिनीत गेला. तो खर्चात धरायचा. तसंच उलट बाजूनं, यंदाच्या मालातलं एक क्विंटल नानांनी पुढच्या बियाण्याला बाजूला काढलं होतं, त्याचे 4,250 उत्पन्नात धरायचे. भुसकट गाईला ठेवलं, ते विकत घ्यावं लागलं असतं तर दोन हजार तरी गेले असते, तेही उत्पन्नात. एका बाजूचं घरचं धरायचं आणि दुसऱ्या बाजूचं सोडायचं, असं करता येत नाही. दोन्ही धरल्यावर उत्पन्न 1,28,350 आणि खर्च 87,710 झाला.

आता घरच्यांची मजुरी. कॅलेंडर पुन्हा उघडलं. नानांचे दिवस आम्ही आठवून आठवून मांडले: पेरणीला चार, तणनाशक आणि तीन फवारण्यांना आठ, काढणी आणि गंजी झाकायला पाच, मळणीला दोन, माल वाळवायला चार, बाजाराला तीन. सव्वीस दिवस. काकूंचे सतरा. गावातला गड्याचा रोज साडेचारशे, बाईचा तीनशे. दोघांचे मिळून 16,800.

"माझ्याच रानात मी मजूर होय?" नाना म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. फवारणीचे त्यांचे आठ दिवस तीन महिन्यांत विखुरलेले, आणि त्या दिवशी दुसरीकडं काम मिळालंच असतं असं नाही. काकूंचं तसं नव्हतं. जुलैत खुरपणीला बाया मिळत नाहीत, रोज दोन घरची बोलावणी येतात. काकू आपल्या रानात वाकल्या त्या दिवशी तीनशे रुपये खरोखर बुडाले. "माझे तर धर," एवढंच त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. मी दोघांचेही धरले. खर्च 1,04,510 वर गेला आणि उरले 23,840.

या खर्चातून भुसकटाचे दोन हजार वजा केले आणि उरलेला एकतीस क्विंटलांवर वाटला, तर क्विंटलला सुमारे 3,307 रुपये खर्च येतो. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग हाच हिशेब देशभराचा करतो. रोख आणि घरच्या बियाण्यासारख्या वस्तूंच्या खर्चाला तो ए-2 म्हणतो, त्यात घरच्यांची मजुरी मिळवली की ए-2 अधिक एफएल. 2024-25 साठी सोयाबीनचा हा आकडा 3,261 होता आणि त्याच्या दीडपट म्हणून हमीभाव 4,892 जाहीर झाला. नानांचा खर्च देशाच्या सरासरीच्या जवळ जाऊन बसला, तेव्हा माझी वही फार चुकलेली नाही एवढा धीर आला. नानांना मात्र दुसराच प्रश्न पडला. 4,892 सरकारनं सांगितले, मग आपल्या पट्टीवर 3,950 का?

त्याचं उत्तर मापाड्याच्या यंत्रात होतं. मळणी झाल्या-झाल्या दिवाळीच्या आधी नानांनी छत्तीस कट्टे, म्हणजे अठरा क्विंटल, आडतीला नेले. आर्द्रता सोळा टक्के निघाली आणि भाव 3,950 लागला. उरलेला माल अंगणात ताडपत्रीवर चार दिवस उलथापालथ करून वाळवला. काकू दाणा दाताखाली धरतात. तो मऊ दबला तर ओला, कट् करून फुटला तर झाला. त्या मालाची आर्द्रता अकरा आली आणि त्याला 4,250 मिळाले. नाना म्हणत होते, सगळाच वाळवला असता तर क्विंटलमागं तीनशे वाढले असते.

तीनशे वाढले नसते. चौदा क्विंटल ओला माल वाळून तेरा क्विंटल वीस किलो राहिला होता. चाळणीत थोडा कचरा गेला, बारा क्विंटल विकला आणि एक बियाण्याला ठेवला. सोळा टक्क्यांच्या मालात शंभर किलोत सोळा किलो पाणी असतं. अकरा टक्क्यांवर आणलं की त्या शंभराचे साडेचौऱ्याण्णवच्या आसपास होतात. म्हणून ओल्या क्विंटलला वाळवून 4,250 च्या भावानं विकलं तर हातात पडतात साधारण 4,010. फायदा क्विंटलला साठ रुपये. अठरा क्विंटलांचे अकराशे, आणि त्यात चार दिवसांची राखण आणि पावसाची धास्ती. आडत्यानं या वेळी फार लुटलं, असं हिशेब म्हणत नाही. दोन भावांमधला फरक बराचसा पाण्याचाच होता.

खरा फरक हमीभावाच्या केंद्रावर होता. तिथं बारा टक्क्यांची अट असते. त्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्याला ती पंधरापर्यंत सैल केली, पण नानांचा ओला माल त्याआधीच गेला होता आणि पंधरातही तो बसला नसता. अठरा क्विंटल बारा टक्क्यांवर वाळवून 4,892 नं दिला असता तर सुमारे 84,000 आले असते. मिळाले 71,100. तेरा हजारांची तूट. वाळवलेल्या बारा क्विंटलांवर आणखी 7,700. दोन्ही मिळून वीस हजारांहून जास्त.

"मग केंद्रावर का नाही नेलं?" मी विचारलं.

नानांनी दुकानाच्या वहीकडं बोट केलं. उधारी दिवाळीच्या आत फेडायचा वायदा होता. केंद्रावर सातबारा, पीकपेरा, आधार, पासबुक घेऊन आधी नोंदणी, मग नंबर लागल्याचा मेसेज, मग माल नेणं, मग पैसे खात्यावर येण्याची वाट. आणि हरभरा पेरायची वाफ निघून चालली होती, बियाणं-खताला रोकड लागणार होती. 19,400 च्या उधारीचं वरवरचं व्याज साडेपंधराशे, पण तिनं अठरा क्विंटल माल ओला असतानाच घराबाहेर काढला. व्याजाच्या रकान्यात ते तेरा हजार दिसत नाहीत. मी ते वहीच्या समासात लिहिले, कारण कोणत्याच रकान्यात ते बसत नव्हते.

शेवटचा रकाना जमिनीचा. गावात अशी जमीन खंडानं द्यायची तर एकरी बारा हजार मिळतात, वर्षाचे. चार एकरांचे अठ्ठेचाळीस हजार. वर्षात दोन पिकं निघतात, म्हणून निम्मा खंड सोयाबीनच्या वाट्याला, चोवीस हजार.

सोयाबीनमधून मजुरी धरून उरले होते 23,840.

मी वही नानांकडं फिरवली. वजा एकशे साठ. नानांनी चष्मा वर केला आणि दोनदा बघितलं. म्हणजे चार महिने राबून, पावसात रात्री दोन वाजता ताडपत्री ओढायला पळून, नानांना आणि काकूंना बरोबर तेवढंच मिळालं, जेवढं जमीन दुसऱ्याला देऊन आणि रोजानं जाऊन मिळालं असतं. वर एकशे साठ खिशातून गेले. आयोग जमिनीचा खंड धरून जो खर्च काढतो त्याला सी-2 म्हणतात, आणि हमीभाव त्याच्या दीडपट हवा ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे. नानांचा सी-2 क्विंटलला 4,081 येतो. (आयोग त्यात विहिरी-अवजारांत अडकलेल्या भांडवलाचं व्याजही घालतो, ते मी सोडलं.) नानांना मिळालेला सरासरी भाव 4,070.

"म्हणजे तोट्यात?"

तोट्यात म्हणावं का, यावर आमचं अर्धा तास चाललं. घरात सदतीस हजार रोख आले, हे खरंच आहे. लेकीच्या कॉलेजची फी त्यातूनच भरली. जमीन स्वतःची, खंड कुणाला द्यायचा नव्हता. पण पुढच्या वर्षी शेजारची तीन एकर त्याच दरानं खंडानं करावी, असं नानांच्या डोक्यात होतं, आणि त्या रानाला सदतीस हजारांचा आकडा लावून चालणार नव्हतं. तिथं खंड रोख द्यावा लागेल, आणि नाना-काकूंचे दिवस आधीच भरलेले असल्यानं मजूरही वाढतील. यंदाचंच उत्पादन आणि यंदाचाच भाव धरला तर त्या तीन एकरांत सोयाबीनमधून हाती शून्य येतं, आणि पाऊस चुकला तर खंड तर द्यावाच लागतो.

खर्च कुठं कापता येईल, यावर बोलणं काढणीपाशी अडलं. काढणी आणि मळणी मिळून 27,600, रोख खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. हार्वेस्टरनं ते बरंच खाली येतं. पण ऑक्टोबरात रान ओलं असलं की ते यंत्र आत जात नाही, खालच्या शेंगा रानातच राहतात, आणि फुटका दाणा बियाण्याला चालत नाही. नानांना बियाणं घरचंच ठेवायचं आहे. विकतच्या दोन बॅगांना 6,600 गेले, तेवढंच रान घरच्या 2,700 च्या बियाण्यात पेरलं गेलं आणि उगवण सारखी होती. ठेवलेल्या एका क्विंटलात पुढच्या वर्षी तीन एकर सहज होईल. मेच्या शेवटी ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे, सत्तर उगवले की बियाणं पास. पोती मात्र आपटायची नाहीत, सोयाबीनचं टरफल पातळ असतं आणि आपटलेला दाणा उगवत नाही.

वही मिटणार तेवढ्यात नानांनी हरकत घेतली. "नांगरटीचे सगळे पैसे सोयाबीनला का? हरभरा काय हवेत पेरला?"

मी थांबलो. हरकत बरोबर होती. एप्रिलची ती एकच नांगरट, हरभऱ्यासाठी पुन्हा रान नांगरलं नव्हतं. खंड निम्मा केला तर नांगरटही निम्मी करायला हवी. 7,200 चे 3,600 सोयाबीनवरून उतरले आणि वजा एकशे साठचे अधिक 3,440 झाले. एवढ्यावर नाना खूश झाले नाहीत, पण आकडा आपला वाटू लागल्यासारखे पुढं सरकून बसले.

काकूंनी वही ओढून घेतली, कोरं पान उघडलं, वर 'हरभरा 2024' लिहिलं आणि पहिल्या ओळीत नोंद केली: नांगरट, निम्मी, 3,600.